नाळेच्या रक्ताचे सत्तर हजार: बाळंतपणाच्या बिलात विमा काय देत नाही

अनसिंगच्या कुटुंबासमोर बाळंतपणासाठी साधारण तीन वाटा असतात. गावातलं ग्रामीण रुग्णालय, वाशिमचं सरकारी रुग्णालय, नाहीतर वाशिम, पुसद किंवा अकोल्याचं एखादं खासगी प्रसूतिगृह. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून बाळंतपण मोफत आहे. नॉर्मल असो वा सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, बाळंतिणीचं जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी, कशाचेच पैसे द्यायचे नसतात. त्यामुळे हा लेख तिसऱ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही जावई पुण्या-नागपूरच्या कंपनीत नोकरीला आहे, त्याच्या कंपनीची आरोग्य विमा पॉलिसी आहे, पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी आली आहे, अशा घरांसाठी. सगळ्यात जास्त गैरसमज याच घरांत होतात. ‘पॉलिसीत मॅटर्निटी आहे, पंचाहत्तर हजारांपर्यंत कंपनी देते,’ एवढं ऐकलेलं असतं. त्या पंचाहत्तर हजारांत काय बसतं आणि काय बसत नाही, हे डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळतं.

या न बसणाऱ्या खर्चांत सगळ्यात मोठा आकडा नाळेचं रक्त साठवून ठेवण्याचा, म्हणजे कॉर्ड ब्लड बँकिंगचा असतो. बेबी किट किंवा पोटाचा पट्टा हजार-दोन हजारांत आटोपतो. इथे मात्र एका सहीवर पन्नास हजार ते लाखभर रुपये जातात. म्हणून आधी त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

विकत काय घेतो आपण?

सातव्या महिन्याच्या आसपास सोनोग्राफीला गेलं की वेटिंगमध्ये एखादा नीटनेटका तरुण फाइल घेऊन भेटतो, किंवा नाव नोंदवल्यावर आठवड्याभरात फोन येतो. ‘ताई, बाळाच्या नाळेत स्टेम सेल असतात. एकदाच मिळतात. साठवून ठेवले तर पुढे ऐंशीच्या वर आजारांत उपयोगी पडतात.’ यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसऱ्या वाक्यापाशी मात्र थांबून विचारायला हवं: उपयोगी पडतात ते कोणाला?

बाळ जन्मल्यावर नाळ चिमटा लावून कापतात. वारेकडच्या भागात थोडं रक्त उरलेलं असतं. नाळेच्या शिरेत सुई घालून ते गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या पिशवीत घेतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, आईला किंवा बाळाला त्याचं दुखत नाही. साधारण 75 ते 100 मिलिलिटर रक्त मिळतं, कधी त्याहून बरंच कमी. ती पिशवी आणि आईच्या रक्ताच्या नळ्या एका डब्यात घालून कंपनीच्या प्रयोगशाळेत जातात. तिथे रक्त तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या काढून द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे 196 अंशांच्या आसपास, गोठवून ठेवतात.

या पेशींनी माणसं वाचली आहेत, हेही खरं आहे. 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लकमन यांनी जगातलं पहिलं नाळेच्या रक्ताचं प्रत्यारोपण केलं. फँकोनी ॲनिमिया नावाचा आनुवंशिक रक्ताचा आजार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं, आणि तो बरा झाला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की रक्त बहिणीचं होतं, त्या मुलाचं स्वतःचं नव्हतं.

ऐंशी आजारांच्या यादीचा घोळ इथेच आहे. त्या यादीत थॅलेसेमिया, सिकलसेल, फँकोनी आणि कितीतरी जन्मजात आजार असतात. हे दोष जन्मापासून पेशीत असतात, म्हणजे नाळेतल्या पेशीतही तेच असतात. सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळाला त्याच्याच नाळेचं रक्त परत दिलं तर तोच सिकलसेल परत दिल्यासारखं होईल. रक्ताच्या कर्करोगातही बाळाच्या स्वतःच्या पेशी डॉक्टर सहसा वापरत नाहीत, कारण कर्करोगाचं बीज जन्मावेळीच त्या रक्तात असू शकतं. तेव्हा यादीतले बहुतेक आजार दुसऱ्याच्या पेशींनी बरे होणारे आहेत, आणि आपण पैसे भरतो ते स्वतःच्या पेशी ठेवण्यासाठी.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, 2018 च्या निवेदनात हिशेबच मांडला आहे. साठवलेलं रक्त बाळाला स्वतःला वयाच्या पहिल्या वीस वर्षांत लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याहून स्पष्ट बोलते: पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. हे कागद कोणत्याही विक्रेत्यासमोर ठेवावेत. तो म्हणेल, ‘सरकारने आम्हाला परवाना दिला आहे.’ तेही खरं आहे. नाळेच्या रक्ताच्या बँकेला केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मान्यतेने परवाना लागतो. पण परवाना म्हणजे रक्त नीट साठवण्याची मुभा. ते साठवणं तुमच्या घराला गरजेचं आहे, असं परवान्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

नाळेची उती, वार, वारेचं आवरण साठवण्याची ‘प्रीमियम’ योजना कोणी दाखवली तर बोलणं तिथेच संपवावं. याच 2017 च्या तत्त्वांनुसार नाळेच्या रक्ताखेरीज असल्या जैविक वस्तूंची व्यावसायिक बँक चालवायला परवानगी नाही. मेंदूचा पक्षाघात, ऑटिझम यांवर स्टेम सेलने इलाज होतो असं सांगितलं, तर कोणत्या आजारांत उपयोग सिद्ध झाला आहे याचा आयसीएमआरने 2021 मध्ये काढलेला आढावा पाहावा. उपयोग सिद्ध झालेल्यांत हे आजार नाहीत.

पिशवीत किती येतं

साठवलं आणि कधी लागलंच, तर ते पुरेल का, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात, आणि हीसुद्धा किमान मात्रा आहे. समजा, तुमच्या पिशवीत गोठवण्याआधी 50 कोटी पेशी भरल्या. भागाकार केला की वीस किलो येतं. म्हणजे ती पिशवी पहिली-दुसरीत जाणाऱ्या मुलाला कशीबशी पुरेल. दहावीतल्या मुलाला पुरणार नाही, बापाला तर नाहीच. योजना मात्र पंच्याहत्तर वर्षांच्या विकल्या जातात. म्हणून साठवलेल्यांनी बँकेकडून रिपोर्ट मागून त्यातला ‘एकूण केंद्रकयुक्त पेशी’ हा आकडा पाहावा आणि अडीच कोटींनी भागावा. पिशवी किती किलोपर्यंत कामाची आहे, ते लगेच कळेल.

आता पिशवीत रक्त जास्त भरायचं तर नाळ लवकर कापावी लागते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाळ जन्मल्यावर किमान एक मिनिट तरी नाळ कापू नका, कारण त्या मिनिटात वारेतलं रक्त बाळात उतरतं आणि पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा त्याला मिळतो. आईचंच हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल, आणि आपल्याकडे असं कितीतरी बायांचं असतं, तर हे रक्त बाळाच्या अंगात जाणं टाकीत जाण्यापेक्षा नक्कीच महत्त्वाचं. साठवण्याचा निर्णय घेतला असला तरी डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की नाळ नेहमीच्या वेळीच कापायची, पिशवीसाठी घाई करायची नाही. बँकेने यावर नाराजी दाखवली तर ती बँकच नको.

अनसिंगहून आणखी एक अडचण आहे, अंतराची. मोठ्या खासगी बँकांच्या प्रयोगशाळा चेन्नई, कोलकाता, गुरुग्राम अशा शहरांत आहेत. रक्त शक्यतो 48 तासांत तिथे पोहोचून त्यावर प्रक्रिया व्हायला हवी. समृद्धी महामार्गामुळे नागपूर जवळ आलं असलं तरी रात्री अकराला वाशिमला बाळ जन्मलं, दुसऱ्या दिवशी दिवाळी, आणि नेणारा माणूस अकोल्याहून यायचा, अशी वेळ येऊ शकते. डबा उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर पेशी मरतात आणि बाहेरून ते कळत नाही. तेव्हा सही करण्याआधी लेखी विचारा: नेणारा माणूस कोण, कुठून येणार, किती तासांत, प्रवासात तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र डब्यात असतं का, आणि जिवंत पेशींचं प्रमाण कमी भरलं तर पैसे परत मिळतात का.

टाकीत पोहोचल्यावरही धोका संपत नाही. सिंगापूरच्या कॉर्डलाइफ या मोठ्या बँकेत काही टाक्यांचं तापमान प्रमाणाबाहेर गेल्याचं तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. एकाच टाकीतले सुमारे 2200 नमुने खराब झाले आणि बँकेला नवे नमुने घेण्यापासून थांबवण्यात आलं. युरोपात क्रायो-सेव्ह ही कंपनी 2019 मध्ये बंद पडली तेव्हा हजारो कुटुंबांचे नमुने पोलंडमधल्या दुसऱ्या बँकेकडे गेले. कंपनी बंद पडली तर आपला नमुना कुठे जाईल, हे करारात लिहिलेलं आहे का, एवढं तरी बघावं.

कोणी ठेवावं

काही घरांत मात्र हा खर्च करण्यासारखा असतो. आपल्या विदर्भात तर त्याचा खास विचार करायला हवा, कारण इथे सिकलसेल आहे. घरात मोठ्या भावंडाला सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा प्रत्यारोपणाने बरा होणारा दुसरा रक्ताचा आजार असेल, तर येणाऱ्या बाळाच्या नाळेचं रक्त त्या भावंडासाठी ठेवावं. आयसीएमआर आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना या दोघांनाही ते मान्य आहे. सख्ख्या भावंडांच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. जुळल्या नाहीत तर तो नमुना त्या कामाचा नाही.

अशा घराने विक्रेत्याच्या फोनची वाट न पाहता आधी मोठ्या मुलावर उपचार करणाऱ्या रक्तरोगतज्ज्ञांशी पाचव्या-सहाव्या महिन्यातच बोलावं. ते दोन गोष्टी सांगतील. एक, पोटातल्या बाळालाच तो आजार आहे का, याची तपासणी करता येते आणि ती वेळेत व्हावी लागते. दोन, नाळेचं रक्त कमी पडलं तरी बाळ थोडं मोठं झाल्यावर त्याच्या अस्थिमज्जेतून पेशी घेता येतात. जुळणारं भावंड नसलं तर आता निम्म्या जुळणाऱ्या आईबापाच्या पेशींनीही प्रत्यारोपण होतं. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाची ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ 2017 पासून चालू आहे आणि निवडक रुग्णालयांत प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत देते. ही माहिती बँकेच्या फाइलमध्ये सापडणार नाही.

घरात असा आजार कोणाला नसेल, तर साठवणुकीच्या पैशांचा अगदी छोटा भाग वेगळीकडे घालावा. नवरा-बायको दोघांचीही सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आत करून घ्या. सिकलसेलची पहिली साधी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. तिच्यात काही आढळलं तर पुढची पक्की तपासणी करतात. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळ होण्याची शक्यता चारांत एक असते. हे आधी कळलं तरच काही करता येतं. पिशवी भरून ठेवल्याने त्यात फरक पडत नाही.

विमा कंपनी काय म्हणते

विमा कंपन्यांची भूमिका या बाबतीत सरळ आहे. उपचाराचा खर्च त्या देतात, पुढे लागेल म्हणून ठेवलेल्या वस्तूचा देत नाहीत. रक्ताच्या आजारात अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी स्टेम सेल वापरले तर तो खर्च, विमा नियामकाच्या 2019 च्या निर्देशांमुळे, आधुनिक उपचारांत धरला जातो. पण स्टेम सेल काढणं, साठवणं, जपणं हे बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या यादीत असतं. ‘आम्ही मेडिकल बिल देतो, तुम्ही क्लेम लावा,’ असं विक्रेत्याने सांगितलं तर पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘स्टेम सेल’ हे शब्द शोधा. क्लेम नाकारला गेल्यावर विक्रेत्याचं तोंडी बोलणं कुठेच चालत नाही.

बाळंतपणाचंही तसंच. आपण स्वतः घेतलेल्या साध्या पॉलिसीत बाळंतपण, सिझरसकट, वगळलेलंच असतं. अपवाद असतो तो गर्भाशयाबाहेरच्या गर्भाचा. मॅटर्निटीची जोड घेतली तरी तिला सहसा दोन ते चार वर्षांची वाट असते. म्हणून लग्नानंतर लगेच घेतलेली पॉलिसी पहिल्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ही वाट बहुधा नसते, पण मर्यादा असते, नॉर्मलला वेगळी आणि सिझरला वेगळी.

या मर्यादेच्या आतही सगळं मिळत नाही. नियामकाने न देण्याच्या वस्तूंची 68 नावांची यादी करून ठेवली आहे. जोड-विमा घेतल्याशिवाय या वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत. बाळंतपणाच्या बिलात तिच्यातलं काय काय येतं, ते बघा. डायपर, सॅनिटरी पॅड, बाळाचं खाणं आणि बाळाच्या वस्तू, पोटाचा पट्टा, क्रीम-पावडर, हातमोजे, बरोबरच्या माणसाचं राहणं-जेवण, खासगी नर्स, जन्माचा दाखला, फाइलच्या झेरॉक्स. आणि एक नोंद खास लक्षात ठेवण्यासारखी: ‘तपशील न दिलेला कोणताही किट’. तिच्यात डिलिव्हरी किटचं नावच लिहिलेलं आहे. रुग्णालयाने बिलात नुसतं ‘डिलिव्हरी किट’ असं लिहिलं की विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारा टीपीए ती ओळ सरळ कापतो. त्याच किटमध्ये टाके घालायचा धागा, सलाईनची नळी, इंजेक्शनं अशा देय वस्तूही असू शकतात. म्हणून ॲडमिशनच्या वेळीच सांगा की किटचं बिल वस्तूवार हवं. ती ओळ फोडून मिळाली तर तिच्यातली काही रक्कम वाचते.

एका बिलाचा हिशेब

आता एक बिल मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या रुग्णालयाचे वेगळे असतील.

जावयाच्या कंपनीच्या पॉलिसीत सिझरला 75,000 ची मर्यादा आहे. वाशिमच्या खासगी रुग्णालयाने सिझरचं पॅकेज 60,000 सांगितलं. त्यात खोली, ऑपरेशन, भूल, औषधं आणि नर्सिंग आलं. बाळ जन्मताना हजर राहिलेल्या बालरोगतज्ज्ञांचे 4,000 वेगळे. इथपर्यंत 64,000 होतात आणि ते देय आहेत. पुढे डिलिव्हरी किट 2,800, बेबी किट 1,900, पोटाचा पट्टा 900, नवजात बाळाच्या मोठ्या तपासणीचे 4,500, दाखला आणि फाइलचे 500, बरोबरच्या माणसाचं जेवण 1,600, बाळाच्या फोटोंचे 3,000. हे वरचे झाले 15,200. एकूण बिल 79,200.

घरचे वजाबाकी करतात: 79,200 मधून 75,000 गेले, आपल्याला 4,200 भरायचे. प्रत्यक्षात कंपनी देते 64,000 आणि खिशातून जातात 15,200. मर्यादेतले 11,000 शिल्लक असूनही वापरता येत नाहीत, कारण उरलेल्या वस्तू देय खर्चातच बसत नाहीत. ही चूक फार घरांत होते.

त्यात नाळेचं रक्त साठवलं असेल तर? समजा योजना 60,000 ची आहे. 18 जुलै 2022 पासून या सेवेवरची करसवलत काढून घेतली आहे, आता 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे आणखी 10,800. झाले 70,800. पॅकेजबाहेरचे 15,200 मिळवले की 86,000. सिझरच्या पॅकेजपेक्षा ही रक्कम मोठी आहे आणि यातला एकही रुपया विम्यातून येत नाही. योजना ‘फक्त महिना दोन हजार’ अशी हप्त्यांत सांगितली असेल, तर ते बँकेचं किंवा वित्त कंपनीचं कर्ज असतं. नंतर मन बदललं, नमुना खराब निघाला, साठवणूक रद्द केली, तरी कर्जाचे हप्ते आपोआप थांबत नाहीत. आणि दरवर्षी भाडं भरण्याची योजना असेल तर दोन-चार वर्षं भाडं चुकल्यावर नमुन्याचं काय करतात, ते करारात वाचा. फेकून देण्याचा हक्क बँकेने सहसा ठेवलेला असतो.

बिलातल्या या वरच्या खर्चांतलं सगळंच टाकाऊ नाही, हेही सांगायला हवं. नवजात बाळाची थायरॉइडची तपासणी जरूर करा. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ती होते, काही शेकड्यांत होते, आणि दोष वेळेत सापडला तर रोजच्या एका गोळीने बाळाची बुद्धी वाचते. ऐकू येतं का याची तपासणीही तशीच. पन्नास आजारांचं मोठं पॅनेल घ्यायचं की नाही हे बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. नात्यातलं लग्न असेल किंवा आधीचं बाळ दगावलं असेल तर ते घेण्याजोगं असतं. जन्मावेळच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब या लसी सरकारी केंद्रात मोफत आहेत. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन 72 तासांच्या आत लागतंच. ते उपचारातच येतं, त्याचं बिल औषधांत लावून घ्या. जन्माचा दाखला रुग्णालय ‘काढून देतं’ म्हणून पैसे लावत असेल तर थांबा. 21 दिवसांच्या आत जन्माची नोंद करायला फी नाही.

आधी करायच्या गोष्टी

माहेरी बाळंतपण असेल तर जावयाने आठव्या महिन्यातच टीपीएला ईमेल करून वाशिमच्या त्या रुग्णालयाचं नाव कळवावं आणि कॅशलेस होईल का ते विचारावं. पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस मिळावं अशी सोय सामान्य विमा कंपन्यांनी जानेवारी 2024 मध्ये जाहीर केली. आधीच ठरलेल्या ॲडमिशनसाठी किमान 48 तास आधी कळवावं लागतं आणि रुग्णालयाला किमान पंधरा खाटांची अट आहे. लहान प्रसूतिगृह त्यात बसत नाही. मग आधी रोख भरून नंतर क्लेम करायचा, म्हणजे तेवढी रक्कम हाताशी लागते. सोयाबीन विकून आलेले पैसे त्याच वेळी नाळेच्या रक्ताच्या पहिल्या हप्त्यात गेले तर रुग्णालयाच्या काउंटरवर ओढाताण होते. असं घडलेलं आहे.

रुग्णालयाकडून पॅकेज लेखी घ्या. काय आत, काय बाहेर, नॉर्मलचं सिझर झालं तर किती, खोलीचा वर्ग बदलला तर किती. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 च्या दुरुस्तीनंतर दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांवर बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर मागा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर तिच्या वरची खोली घेऊ नका. भाड्याच्या प्रमाणात डॉक्टरांची आणि ऑपरेशनची रक्कमही कापली जाऊ शकते, नुसता भाड्यातला फरक कापून भागत नाही.

नाळेच्या रक्ताच्या करारावर रुग्णालयात, कळा सुरू असताना किंवा ॲडमिशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात कधीही सही करू नका. तो घरी आणा, जावयाला, वाचता येणाऱ्या कोणाला दाखवा. तुमच्या डॉक्टरांनी आग्रह केला तर त्यांना नम्रपणे विचारा, ‘डॉक्टरसाहेब, आमच्या घरात याची गरज कोणाला आहे?’ रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांत निषिद्ध आहे, आणि बहुतेक डॉक्टर सरळ विचारल्यावर सरळच उत्तर देतात.

आधीच पैसे भरून बसलेल्यांनी सगळे कागद एका जागी ठेवावेत: करार, पावत्या, पेशींचा रिपोर्ट, विक्रेत्याचे व्हॉट्सॲप संदेश. खोटं सांगून विकलं असेल तर आधी कंपनीला लेखी पत्र पाठवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तरी दाद लागली नाही तर वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. करारात ‘वाद फक्त आमच्या शहरातल्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.